एट्रियममधला धूर काढणे: पंख्यांची क्षमता आणि दारांतला हवेचा वेग

प्रश्न: ३० × २५ मीटर, १६ मीटर उंच एट्रियम आहे, सर्वात वरची गॅलरी १० मीटरवर. सल्लागार तासाला ६ एअर चेंज धरतात, ते बरोबर आहे का? आणि बाहेरून येणाऱ्या हवेचा वेग १ मी./से.च्या आत का ठेवायचा?

उत्तर:

नाही. एअर चेंजचा हिशेब खोलीच्या आकारमानावर चालतो, धूर मात्र आगीवर आणि उंचीवर ठरतो. आगीवरून वर जाणारा गरम स्तंभ, म्हणजे प्लूम, वाटेत आजूबाजूची हवा ओढत जातो. पंख्यांना काढायचा असतो तो असा फुगलेला धूर. NFPA 92 या अमेरिकी मानकातलं सूत्र असं:

```
m = 0.071 Qc^(1/3) z^(5/3) + 0.0018 Qc
```

m किलो/सेकंद, Qc किलोवॉट, z मीटर. Qc म्हणजे आगीच्या उष्णतेचा वर जाणारा भाग, साधारण ७०%. z म्हणजे आगीच्या बुडापासून धुराच्या थराच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. गॅलरीत चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर धूर राहायला हवा, म्हणून इथे z १२ मीटर. आग जमिनीवर, एट्रियमच्या मध्यभागी, ५ मेगावॉटची धरू. म्हणजे Qc ३५००. (ज्वाळेची उंची 0.166 Qc^(2/5), म्हणजे ४.३ मीटर येते. z त्याहून जास्त असेल तरच हे सूत्र लागतं.)

उत्तर येतं ७४ किलो/सेकंद. बाहेरचं तापमान ३०° असेल तर धुराची सरासरी वाढ ३५०० ÷ ७४, म्हणजे सुमारे ४७ अंश. ७७° ला घनता १.०१ किलो/घनमीटर, म्हणून ७३.५ घनमीटर/सेकंद काढावे लागतात. तुमचे ६ एअर चेंज जेमतेम २० होतात. तेवढ्यावर धुराचा थर जमिनीपासून तीनेक मीटरपर्यंत उतरून मग स्थिरावेल, म्हणजे गॅलऱ्या धुरातच.

आग निम्मी धरून पंखे वाचवायचा मोह होतो, पण २.५ मेगावॉटलाही ५७ किलो/सेकंद लागतातच. घट फक्त २३%. उलट ५ मेगावॉटलाच z १२ वरून १५ केला तर १०५ किलो/सेकंद. खरी किंमत उंचीची आहे, म्हणून आधी गॅलरीचा प्रश्न सोडवा, मग आगीवर वाद घाला.

धूर ओढणारी तोंडं किती, हेही तपासा. तोंडाची खालची कड १५ मीटरवर असेल तर त्याखाली धुराची जाडी ३ मीटर. एवढ्या थरातून भिंतीपासून दूर असलेलं एक तोंड फार तर २५ घनमीटर/सेकंद ओढू शकतं. भिंतीलगतचं त्याच्या निम्मं. त्यापुढे ओढलंत तर थराला भोक पडून खालची स्वच्छ हवाच वर खेचली जाते. पंखे पूर्ण क्षमतेने फिरतात, मोजमापही बरोबर येतं, आणि धूर मात्र खाली उतरत राहतो. मध्यभागी चार तोंडं घ्या, एकमेकांपासून किमान ४ मीटरवर.

आता दारांकडे. ७४ किलो बाहेर गेले तर तेवढेच आत यायला हवेत. ३०° ला ते सुमारे ६४ घनमीटर/सेकंद. मर्यादा आहे १.०२ मी./से., म्हणून ६२ चौरस मीटर मोकळं क्षेत्र हवं. दोन मीटर रुंद, २.४ मीटर उंच दरवाजे असले तर तेरा. लुव्हरचा मोकळा भाग निम्मा असेल तर भिंतीत त्याच्या दुप्पट जागा लागते. आराखड्यात याचा विचार सहसा सर्वात शेवटी होतो, आणि तोवर दर्शनी काच ठरून गेलेली असते.

वेगाची मर्यादा प्लूमसाठी आहे. ३० चौरस मीटरमध्येच भागवलंत तर वेग २.१ मी./से. होतो. तो झोत प्लूमवर आदळला की स्तंभ आडवा झुकतो, त्याचा वाटेतला हवेशी संपर्क वाढतो आणि धूर ७४ च्या हिशेबापेक्षा जास्त बनतो. म्हणून ही मर्यादा झोत प्लूमपर्यंत पोचू शकेल अशा हवा आत येण्याच्या प्रत्येक तोंडाला लागू आहे, आणि हवा आत येण्याची सगळी तोंडं धुराच्या थराच्या खाली हवीत. तपासताना दाराच्या मधोमध एक आकडा घेऊन थांबू नका. अॅनिमोमीटरने पूर्ण चौकटीत जाळी आखून मोजा, कारण कडेला आणि मधे वेग वेगळा असतो.

दारं उघडल्याशिवाय पंखे जोरात लागले तर आत दाब घटतो. बाहेर ढकलून उघडायचं दार ५० पास्कलला २.१ चौरस मीटरवर १०५ न्यूटनने आत ओढलं जातं. हँडलपाशी त्याच्या निम्मं, वर क्लोझरचं. दार उघडायला एकूण १३३ न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. म्हणून दारं उघडल्याचा लिमिट स्विचचा सिग्नल पॅनलला जोडा.

एक इशारा: आग गॅलरीखालच्या दुकानात असेल तर वरचं सूत्र चालत नाही. धूर कडेवरून पसरट पट्ट्यात वर येतो. २.५ मेगावॉट, १० मीटर रुंद पट्टा आणि ४ मीटर उंच गॅलरी धरली तर त्याच १२ मीटरला २०० किलो/सेकंदाच्या वर जातं. पंखे घेण्याआधी हा हिशेब वेगळा करून घ्या. आकडा झेपत नसेल तर दुकानांसमोर पडदे लावून पट्ट्याची रुंदी कमी करावी लागेल.