दोन भाषांची पत्रिका : आधी नावं एका उंचीवर आणा

लेस्टरहून एका काकूंनी विचारलंय. डिसेंबरात मुलाचं लग्न कोल्हापुरात आहे, पत्रिका डावीकडे मराठी उजवीकडे इंग्रजी अशी करायचीय, पण मराठी बाजू गच्च भरलेली दिसते, इंग्रजी अर्धी रिकामी, आणि इंग्रजी वाचताना मराठीवरनं उतरवल्यासारखं वाटतं.

काकू, दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, तुम्ही ओळीला ओळ जुळवताय. मी इथं कोल्हापुरात पत्रिकाच करते आणि दर सीझनला हे बघते. मराठी पत्रिकेत वर ॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥, लगेच खाली चि. आणि चि. सौ. कां., मग तारीख, मुहूर्त, कार्यालय, आणि बोलावणारे सगळ्यात शेवटी. इंग्रजीत नेमकं उलटं असतं, आईवडील पहिल्याच ओळीत येतात, ते 'रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी' म्हणतात आणि मग नवरा-नवरीची नावं. आता ओळीला ओळ लावली की एकीकडचा क्रम मोडणारच.

म्हणून फक्त एकच गोष्ट जुळवा, नवरा-नवरीची नावं. समजा कार्ड ५ बाय ७ इंचाचं, उभं आहे. दोन्ही बाजूंना वरून अडीच इंचावर पेन्सिलीनं रेघ मारा, नावं त्या रेघेवर. मराठीत रेघेच्या वर अंबाबाई, जोतिबा आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून', इंग्रजीत त्याच जागेत आईवडिलांची नावं आणि बोलावणं. दोन्हीकडे तीन-तीन ओळी होतात बघा, ओढाताण न करता.

रेघेखाली मात्र दोन्ही बाजूंना आपापल्या वाटेनं जाऊ द्या. मराठीत '१२ वाजून ३५ मिनिटांनी या शुभमुहूर्तावर' लिहिलं की आपल्या माणसाला कळतं की अक्षता टाकायला तेवढ्याला हजर पाहिजे. मुलाच्या ऑफिसातल्या इंग्रज मैत्रिणीला त्यातनं काय कळणार? तिला लिहा की सव्वाबारापर्यंत येऊन बसा, विधी झाल्यावर जेवण आहे, संध्याकाळी रिसेप्शन. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ५/१२ म्हणजे आपल्याला ५ डिसेंबर, पण अमेरिकेतल्या पाहुण्याला १२ मे. आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ इंग्रजीत आणूच नका, ती मराठीतच गोड लागते. कै., सौ., समस्त आप्तेष्ट ही लांब यादी मागच्या पानावर घ्या, गच्चपणा बराचसा तिथंच कमी होतो.

आता अक्षराचा आकार. दोन्हीकडे १४ पॉइंट टाकलं म्हणजे सारखं दिसेल असं नाही, प्रत्येक फॉन्टचं अंग वेगळं असतं. कागदावर प्रिंट काढा आणि पट्टी लावा, देवनागरीची शिरोरेघ इंग्रजी छोट्या अक्षरांच्या माथ्यापेक्षा थोडी वर आणि कॅपिटलच्या माथ्यापेक्षा थोडी खाली आली पाहिजे, तोवर मराठीचा आकार कमीजास्त करत राहा. ओळींमधली जागा पण मराठीला जास्त लागते, कारण आपल्याकडे वर वेलांटी-रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीत 'श्रुती' आणि बरोबर तिच्याखाली 'कीर्ती' आली की श्रु चा उकार आणि की ची वेलांटी एकमेकांना चिकटतात, हे मी प्रूफवर कितीदा बघितलंय. इंग्रजीला अक्षराच्या सव्वापट ठेवलं तर मराठीला दीडपट ठेवा.

इंग्रजी नावं सुटी सुटी, कॅपिटलमध्ये पसरून छान दिसतात म्हणून मराठीला तसं करू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. मराठीत नाव उठवायचं तर आकार वाढवा नाहीतर जाड वजन घ्या.

फॉन्ट निवडताना ल आणि श नीट बघा, पुष्कळ फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात आणि आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्याला लगेच खटकतं. Tiro Devanagari Marathi मध्ये मराठी वळण मिळतं, फुकट आहे.

शेवटची अडचण प्रेसची. तुम्ही तिकडनं युनिकोडमध्ये मजकूर पाठवता, इकडं काही प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट आहेत, मजकूर बदलून घेताना जोडाक्षरं बिघडतात. गेल्या वर्षी एका घरच्या पत्रिकेत 'कऱ्हाड' चं 'कर्हाड' झालं, र च्या जागी डोक्यावर रफार, आणि ४०० पत्रिका छापून झाल्यावर कऱ्हाडच्या मामांनीच ते दाखवलं. म्हणून तुमच्या फाईलवर भरवसा ठेवू नका, प्रेसनं छापायला घेतलेली पीडीएफ मागवा आणि त्यातली गावांची नावं, आडनावं, ऱ्ह, ऱ्या, क्ष, ज्ञ एकेक करून वाचा. मराठी बाजू घरातल्या मोठ्यांना वाचायला द्या, इंग्रजी बाजू मराठी अजिबात न येणाऱ्या कुणाला तरी द्या आणि एकच विचारा, किती वाजता कुठं यायचं. पटकन सांगता आलं नाही तर ती ओळ परत लिहा.