मागणी घटली नाही, तरी यंत्रांच्या ऑर्डरी का घटतात?

प्रश्न: लोकांची खरेदी थोडीशीच वरखाली होते, मग उद्योगांची गुंतवणूक एवढी का हेलकावते?

उत्तर: कारण नवी यंत्रं किती लागतील हे मागणी किती आहे यावर नाही, ती किती वाढली यावर ठरतं. यालाच त्वरक तत्त्व म्हणतात.

समजा, एका गावात रोज ५०,००० मीटर कापड खपतं आणि एक यंत्रमाग रोज ५० मीटर विणतो. म्हणजे १,००० माग हवेत. त्यातले १०० दरवर्षी झिजून बदलावे लागतात, म्हणून माग बनवणाऱ्याला १०० ची ऑर्डर ठरलेली. आता खप १० टक्क्यांनी वाढला. १०० माग जादा लागले, ऑर्डर २०० वर गेली, थेट दुप्पट! पुढच्या वर्षी खप ५ टक्क्यांनीच वाढला, तर जादा माग ५५. ऑर्डर साधारण १५५. नीट बघा, कापड आधीपेक्षा जास्तच खपतंय, तरी माग बनवणाऱ्याकडे मंदी आली. खप आहे तिथेच थांबला, तर ऑर्डर पुन्हा शंभराच्या आसपास.

अर्थात माग आधीच रिकामे पडले असतील, तर खप वाढूनही कोणी नवे घेत नाही. शिवाय वाढ टिकेल अशी खात्री पटेपर्यंत मालक जादा पाळी चालवून भागवतात, त्यामुळे प्रत्यक्षातला झोका या हिशेबाइतका तीव्र नसतो.