कोपऱ्यावर गाडी लावण्याआधी

भावा, गाडी नवीन आहे, तर आधी कोपरा सोडायची सवय लाव. २०१७च्या वाहनचालन नियमांत चौकाच्या कडेपासून ५० मीटरपर्यंत पार्किंगला मनाई आहे. राजारामपुरीत एवढी जागा सोडायची म्हणजे गल्लीच संपते म्हणशील, पण कारण बघ. तू गल्लीच्या तोंडाशी कार लावलीस की आतून येणाऱ्या मोपेडवाल्याला मेन रोड दिसत नाही. तो चाक पुढे काढून डोकावतो. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे आलेली असते, आणि ब्रेकवर पाय जायलाच तेवढा सेकंद लागतो. सगळे इथेच चुकतात. "दोनच मिनिटं" म्हणून इंडिकेटर लावून थांबतात. इंडिकेटरने आडोसा कमी होत नाही.

केएमटीच्या थांब्यावरही तेच. बस कडेला येऊ शकत नाही, आजी भर रस्त्यात उतरते आणि डावीकडून बाईक घुसते. थांब्याच्या पुढे-मागे बसला वळून आत-बाहेर करायला जागा हवी.

कुणाच्या गेटसमोर लावूच नकोस. मागे घेणाऱ्याला वळायलाही जागा लागते. अग्निशमनाचा नळ दिसला तर तोही मोकळा ठेव, पाइप जोडायला माणूस तिथं उभा राहतो.