दार लॉक झालं म्हणजे ट्रिप संपली असं नाही

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये ॲपवर भाड्याने जाणाऱ्या गाड्या येतात. मोबाइलवरून दार उघडणारी डबी त्यात बसवायची आणि बंद पडली की पुन्हा चालू करायची, हे माझं रोजचं काम. गाडी न्यायला आलेली माणसं मला जे विचारतात, तेच पत्रांतूनही येतं आणि बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी असतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

ट्रिपमध्ये मोबाइलची बॅटरी संपली तर गाडी उघडेल का? (शाहूपुरी)

नाही. चार्जिंगची वायर सोबत ठेवा आणि हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

ब्लूटूथवरनं चोर किल्ली कॉपी करतात असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. मग ही गाडी घेणं सुरक्षित आहे का? (कसबा बावडा)

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवला. पाठवणाऱ्यांपैकी एकानेही डबी कधी उघडून पाहिलेली नाही.

मोबाइलमध्ये किल्लीचा साठवलेला नंबर नसतो. तुमचं बुकिंग सुरू झालं की कंपनीचा सर्व्हर तुमच्या ॲपला एक परवानगी पाठवतो. ती त्याच गाडीपुरती आणि तेवढ्याच वेळेपुरती असते, आणि तिच्यावर सर्व्हरची डिजिटल सही असते. तुम्ही ‘अनलॉक’ दाबलं की डबी आधी ती सही तपासते. मग ती मोबाइलला एक नवा आकडा देते आणि त्याचं बरोबर उत्तर मागते. हा आकडा दर वेळी वेगळा असतो. त्यामुळे आज कोणी हवेतला संवाद टिपून ठेवला, तरी उद्या तो पुन्हा वाजवून दार उघडत नाही. सगळं जुळलं की डबी सेंट्रल लॉकिंगच्या वायरीला क्षणभर करंट देते आणि दार उघडतं.

खरा धोका वेगळा आहे. मोबाइल आणि गाडी यांच्यामध्ये दोन यंत्रं उभी करून त्यांचा संवाद लांबवर पोचवता येतो, म्हणजे मालक दूर असतानाही गाडीला तो जवळ असल्यासारखा वाटतो. 2022 मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी टेस्लाच्या गाडीवर हे करून दाखवलं. पण माणूस जवळ आला की आपोआप उघडणाऱ्या कुलुपावर ही युक्ती चालते. बटण दाबून उघडणाऱ्या ॲपमध्ये ते फार अवघड जातं. तुमच्या ॲपमध्ये आपोआप उघडण्याची सोय असेल तर ती बंद करता येते का, एवढं कंपनीला विचारा. आणि ॲपचा ओटीपी कोणालाही सांगू नका, कारण चोरी त्या वाटेने सहज होते.

गगनबावड्याला गेलो आणि घाटात रेंजच गेली तर आम्ही बाहेरच राहायचं का? (फुलेवाडी)

परवानगी आधीच मोबाइलमध्ये उतरलेली असेल तर ब्लूटूथवर काम होतं, रेंज लागत नाही. पण काही ॲप दर वेळी सर्व्हरला विचारतात. निघण्याआधी शहरातच मोबाइल डेटा बंद करा, ब्लूटूथ चालू ठेवा, आणि एकदा लॉक-अनलॉक करून बघा. झालं तर घाटातही होईल. नाही झालं तर हेल्पलाइनशी बोलूनच निघा. वाटेत ॲपमधून लॉग आउट मात्र करू नका.

रात्री अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली, ॲपवरनं लॉक केली, आवाजपण आला. सकाळी बघतो तर ट्रिप चालूच, आणि रात्रभराचं बिल! आमची काय चूक? (राजारामपुरी)

या विषयावर मी गेली दोन वर्षं सांगतो आहे, आणि आजही थोडं सविस्तर सांगणार आहे.

लॉक करणं आणि ट्रिप संपवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या वाटांनी होतात. लॉक मोबाइल आणि डबी यांच्यात होतं, ब्लूटूथवर, चार-पाच पावलांच्या अंतरात. त्याला रेंज लागत नाही, म्हणून बेसमेंटमध्येही ‘खट्ट’ आवाज येतो. ट्रिप मात्र सर्व्हर संपवतो. त्याआधी त्याला डबीकडून काही गोष्टी कळाव्या लागतात: इग्निशन बंद आहे, दारं मिटलेली आहेत, किल्ली ग्लोव्ह बॉक्समधल्या जागेवर परत आली आहे, गाडी ठरलेल्या हद्दीत आहे. हे कळवायला डबीत स्वतःचं सिमकार्ड असतं. सिमेंटच्या स्लॅबखाली त्या सिमला रेंज नसते आणि जीपीएसला उपग्रह दिसत नाहीत. डबीकडे शेवटची जागा असते ती उताराच्या तोंडाशी घेतलेली.

तुमच्या पत्रातल्या वेळा समोर ठेवून बघू. बुकिंग रात्री 9 पर्यंत होतं. 8:41 ला तुम्ही इंजिन बंद केलं, 8:42 ला लॉक केलं, मग ‘ट्रिप संपवा’ दाबलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं, आणि तुम्ही मोबाइल खिशात टाकून लिफ्टकडे गेलात. सर्व्हरला मात्र 8:41 ची बातमीच मिळालेली नव्हती. त्याच्या लेखी गाडी तुमच्याकडेच होती. 9 वाजले तसा जादा वेळ लागू झाला. सकाळी 7:10 ला तुम्ही गाडी रस्त्यावर काढली, सिमला रेंज आली, आणि तेव्हा ट्रिप संपली.

घरच्या वाय-फायवर मोबाइल होता, तरी असं कसं, असं तुम्ही पुढे लिहिलं आहे. वाय-फाय मोबाइलला होतं, डबीला नव्हतं. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये डबी आपली माहिती ब्लूटूथने मोबाइलला देते आणि मोबाइल ती पुढे पाठवतो; तिथे वाय-फायवर भागतं. तुमच्या ॲपची पद्धत कोणती, हे बुकिंग करतानाच विचारायचं असतं.

आता बिलाचं. रेंज नसली तरी डबी नोंदी आपल्या मेमरीत ठेवते आणि रेंज आली की वेळेसकट पाठवते. म्हणून ‘इग्निशन ऑफ’ आणि ‘डोअर लॉक’ यांच्या वेळा कंपनीकडे लेखी मागा. फोनवर भांडू नका, ईमेल करा. त्या नोंदीत 8:41 दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. करारात ट्रिप संपवण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे तेही वाचा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर विचारून पुढचं पाऊल टाका. आणि हे याच आठवड्यात करा. लोक महिनाभर थांबतात आणि मग माझ्याकडे येतात, तेव्हा मला काही करता येत नाही.

पुढच्या वेळी गाडी उघड्यावर उभी करा. बेसमेंटमध्येच सोडायची अट असेल तर त्याच जागेवर उभं राहून हेल्पलाइनला फोन लावा. उतरताना आधी सामान काढा, कारण ट्रिप संपली की तुमची परवानगीही संपते. डिकीत राहिलेल्या गुळाच्या ढेपेसाठी एका कुटुंबाला तावडे हॉटेलपासून परत यावं लागलं होतं. मग काचा, दिवे, किल्ली. मग लॉक. मग चारही दारांचे हँडल आणि डिकी हाताने ओढून बघा.

हँडल ओढायला मी का सांगतो ते ऐका. पुष्कळ गाड्यांत डबीला दार मिटलं की उघडं एवढंच कळतं. आतलं कुलूप खरोखर बसलं का, हे कळत नाही. मागच्या पावसाळ्यात शेडमध्ये एक गाडी आली. ॲपवर ‘लॉक’ दिसत होतं, पण मागचं डावं दार बोटाने उघडत होतं. पॅड काढून पाहिलं तर लॉकच्या मोटरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलेलं. तीन दारांतून ‘खट्ट’ आणि त्या दारातून नुसतं ‘घर्र’. शेवटच्या माणसाने ते हँडल ओढलं असतं तर आत ठेवलेला जॅक चोरीला गेला नसता.

हे सगळं झाल्यावर ‘ट्रिप संपवा’ दाबा आणि तिथेच उभे राहा. अंतिम बिलाचा पडदा आला, अनलॉकचं बटण गेलं आणि मेसेज किंवा ईमेल आला, की ट्रिप संपली. तोवर गाडीपासून हलू नका. बिलाच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या.

पार्किंग लाइट चालू राहिला तर एवढं काय बिघडतं? (ताराबाई पार्क)

पुढच्या माणसाची किल्लीच बंद पडते. पार्किंगचे चार बल्ब आणि नंबरप्लेटचा एक, प्रत्येकी 5 वॅट धरले तर 25 वॅट, म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी यावर सतरा तासांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या बराच आधी हात टेकतो. चांगली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दाखवते. ती 12 च्या खाली गेली की मला काळजी वाटू लागते. डबीही त्याच बॅटरीवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण गेली की मोबाइल कितीही चार्ज असला तरी दार उघडत नाही. अशा वेळी काच खाली ओढू नका, तार घालू नका. कंपनीच्या माणसाला बोलवा.

शेवटी फोटो किती काढायचे? (रंकाळा)

ॲप मागेल तेवढे ॲपमधून काढाच, कारण त्यांच्यावर वेळ सर्व्हरकडे नोंदली जाते. त्याशिवाय गाडीभोवती एक सलग व्हिडिओ घ्या. त्यात चारही चाकांच्या रिम, दोन्ही बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच, आणि आत मीटरवरचे किलोमीटर व इंधनाचा काटा आला पाहिजे. गाडी घेतानाही असाच व्हिडिओ हवा. नुसता शेवटचा असून उपयोग नाही. आठ दिवसांनी जुन्या ओरखड्याचे पैसे कापले जातात, अशा तक्रारी माझ्याकडे येतात. गाडी ओली किंवा चिखलाने माखलेली असेल तर ओरखडा फोटोत दिसत नाही, आधी फडकं फिरवा. पैसे कापलेच तर त्यांचा आधीचा आणि नंतरचा फोटो मागा आणि ते बघितल्याशिवाय कशालाही होकार देऊ नका.

एक विक्रेता म्हणतो, डबी बसवा आणि आपली एमएच 09 ची घरची गाडी ॲपवर भाड्याने सोडा, पांढरी प्लेट चालते. खरं का? (कळंबा)

खोटं. स्वतः चालवायला भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची प्लेट काळी असते, त्यावर पिवळी अक्षरं असतात, आणि त्यासाठी परवाना लागतो. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. डबी विकणारा तेव्हा फोनही उचलणार नाही. आधी आरटीओत जा, मग विमा एजंटला लेखी विचारा. ही दोन कामं होईपर्यंत त्याला ॲडव्हान्स देऊ नका.