उद्या सकाळी विचार

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पार्टीत खूप प्यायलेल्या एका मुलीला तुझा रूममेट खोलीत घेऊन चालला होता आणि तू त्याला अडवलंस. आता विचारतोस, ‘मावशी, ती स्वतःच हो म्हणत होती, मग मी मध्ये पडलो हे चुकलं का?’ तुझा रूममेट आठवडाभर तुझ्याशी बोलत नाहीये आणि ग्रुपवर तुला संस्कारी काका म्हणतायत, हेही कळलं. म्हणू देत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओझरती लिहिलीस. पाच-दहा मिनिटांत तिनं तुला तीनदा विचारलं, ‘माझा फोन कुठंय?’ आणि फोन तिच्या हातातच होता. अरे, तिथंच उत्तर आहे! भराभर शॉट्स मारले, त्यातून पोट रिकामं असलं, की रक्तात दारू झपाट्यानं चढते आणि मेंदूत नव्या आठवणी नोंदवणारा भाग काम थांबवतो. माणूस चालतो, नाचतो, हसतो, ‘हो’ही म्हणतो. नोंद मात्र कशाचीच होत नाही. कॅज्युअल्टीत रात्रपाळीला असे किती पाहिले. नाव-पत्ता नीट सांगणार, बिलावरून माझ्याशी हुज्जत घालणार आणि सकाळी विचारणार, ‘मला इथं कोणी आणलं?’ म्हणून ‘ती स्वतःच्या पायांनी खोलीत गेली’ हे मला कुणी सांगू नये. पाय चालत होते, एवढंच त्यातून कळतं.

खरंच हवं असेल तर ते उद्या सकाळीही हवंच असणार. मग उद्या सकाळी विचार. रूममेटला एवढंच म्हणायचं होतंस. सकाळपर्यंत थांबलं की हातचं जाईल असं ज्याला वाटतं, त्याला ती काय म्हणेल हे आधीच ठाऊक असतं.

कायदा विचारलास. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 63 वाच. नशेमुळे आपण कशाला होकार देतोय आणि त्याचे परिणाम काय, हे जिला समजत नाही, तिचा होकार तिथं धरत नाहीत. दारू तिनं आपणहून प्यायली होती, यानं फरक पडत नाही. ‘मीही प्यायलो होतो’ ही त्याची पळवाटही चालत नाही; आपल्या मर्जीनं प्यायलेल्याला कायदा शुद्धीतल्यासारखाच धरतो. एक घोट घेतला की संमती रद्द, असं मात्र कायदा म्हणत नाही. नेमकी रेघ कुठं, यावर कोर्टात वाद होतात. पण तू कोर्टात नव्हतास, स्वयंपाकघराच्या दारात होतास. शंका आली की उद्या सकाळी विचार, संपलं. आणि मुलगीच कशाला, तुझा एखादा मित्र तसा झिंगला असता तरी हेच.

आता तुझं चुकलं ते. सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलास कशाला? प्यायलेल्या पोराची चारचौघांत लाज काढली की तो हट्टालाच पेटतो. आणि तीही बिचकली असणार. त्याला कुणीतरी खाली सिगरेट आणायला न्यायचं. ती जिच्याबरोबर आली होती त्या मैत्रिणीला शोधायचं. मैत्रिणीनं येऊन ‘चल, माझ्याबरोबर बाथरूमला ये’ म्हणायचं आणि तिची पर्स, फोन, चपला उचलूनच बाहेर पडायचं, म्हणजे परत यायला निमित्त उरत नाही. कुणावर आरोप नाही, भाषण नाही. तुझा अंदाज चुकला असता तरी एक संध्याकाळ फुकट गेली असती, बस.

तिला एकटीला कॅबमध्ये बसवलंस, हे मला अजिबात आवडलं नाही. शेवटच्या पेगनंतरही अर्धा-एक तास नशा चढतच असते. बसताना बरी दिसलेली मुलगी उतरताना बेशुद्ध असू शकते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्यानं अंघोळ, यांनी काहीही उतरत नाही. एका स्मॉल पेगला यकृत साधारण तासभर घेतं आणि त्याला घाई करता येत नाही. मैत्रिणीनं सोबत जायचं, तिला कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जायचा धोका कमी होतो. हलवून जागी होत नसेल, श्वास संथ किंवा तुटक वाटला, ओठ निळसर दिसले, तर थेट 108. घरचे ओरडतील ही भीती त्यानंतर.

आमच्या नात्यातल्या एका संगीताच्या रात्री मी असंच एका पोरीला उठवून माझ्या खोलीत नेलं होतं. मुलाकडच्यांनी ‘डॉक्टरीणबाईंना सगळीकडे पेशंटच दिसतात’ म्हणून मला सुनावलं. त्या घरची पत्रिका मला अजून येत नाही. न येऊ दे. मी उद्धट बोलले असेन, पण ती पोर त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर झोपली. आजही तेच करीन.

त्या मुलीला अजून फोन केला नसशील तर आज कर. तिला मधलं काही आठवत नसणार आणि ग्रुपवरचे विनोद वाचून ती नाही नाही ते समजून बसली असेल. तू पाहिलंस तेवढंच सांग, कुणाविषयी मत देऊ नकोस. आणि पुढच्या शनिवारी न पिणारा कोण, हे पहिली बाटली उघडायच्या आधी ठरवा. नेहमी तूच नको. रूममेटलाही पाळी येऊ दे.

तुझी मावशी