पाण्याचा दाब कॉफरडॅम पाडत नाही, तळाची वाळू पाडते

प्रश्न: वाहत्या नदीत पुलाचा खांब बांधताना कॉफरडॅम किती प्रकारचे असतात आणि पाण्याच्या एवढ्या दाबाने ते कोसळत कसे नाहीत?

कोसळतात. मी एक कोसळताना पाहिला आहे, आणि त्याचं खोटं कारण कागदावर लिहिलेलंही वाचलं आहे, म्हणून हे उत्तर.

कॉफरडॅम म्हणजे नदीत पाणी अडवून आत कोरडी जागा करण्यासाठी घातलेला तात्पुरता घेर. प्रकार थोडक्यात सांगतो. पाणी कमरेएवढं आणि संथ असेल तर वाळूची पोती आणि काळ्या मातीचा बंधारा पुरतो. खोल पाणी आणि खाली वाळू असेल तर शीट पाइल, म्हणजे लोखंडी पत्र्याच्या लांब पट्ट्या, एकमेकांत अडकवून तळात ठोकतात आणि आतून आडव्या बीमचा आधार देतात. त्याहून मोठ्या कामाला दुहेरी भिंत, मध्ये भराव, किंवा शीट पाइलचेच गोल कप्पे.

आमचं काम वैनगंगेत होतं. वाळूचा तळ, साडेतीन मीटर पाणी, 8 बाय 6 मीटरचा शीट पाइलचा चौकोन. बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे 6 टन येत होता. पाणी दुप्पट खोल झालं तर हा आकडा चौपट होतो. तरी हे बल आधीच मोजता येतं आणि बीम त्या हिशोबाने घालता येतात. प्रवाहाचा धक्का तर त्यापुढे किरकोळ असतो. सेकंदाला दीड मीटर वेगाचं पाणी चौरस मीटरला साधारण पावणेदोनशे किलो ढकलतं, तर तळाशी उभ्या पाण्याचा दाब साडेतीन टन असतो.

प्रवाह घात करतो तो दुसऱ्या वाटेने. चौकोनामुळे नदीची वाट अरुंद होते, पाणी कोपऱ्यावरून जोरात वळतं आणि तिथली वाळू उकरून नेतं. आमचे शीट तळाखाली 5 मीटर होते आणि आत 2 मीटर खोदायचं होतं. म्हणजे बाहेरून 5 मीटर खाली आणि आतून 3 मीटर वर, अशी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याला 8 मीटरची वाट, आणि पातळीतला फरक साडेपाच मीटर. भागाकार 0.69. हा आकडा 1 च्या जवळ गेला की वाळूचे कण पाण्यावर तरंगू लागतात. हिशोब आधीच काठावरचा होता.

प्रवाह येतो त्या बाजूच्या कोपऱ्याबाहेर दोरीला वजन बांधून मी खोली मोजली, तर तळ 1.2 मीटर खाली गेलेला. आत मजुरांनी थोडं जास्तच खोदलं होतं, 0.3 मीटर. म्हणजे वाट साडेसहा मीटर, फरक 5.8, भागाकार 0.89. कोपऱ्यात दोन बाजूंनी पाणी येतं, तिथे स्थिती याहूनही वाईट.

संध्याकाळी त्याच कोपऱ्यात वाळूचे छोटे ढीग उठू लागले, मधोमध उकळी फुटल्यासारखं पाणी. पंपाचं पाणी बादलीत घेतलं तर तळाशी वाळू बसली. सांध्यातून स्वच्छ पाणी झिरपलं तर घाबरायचं कारण नाही. बाहेरून लाकडाचा भुसा किंवा राख टाकली की ती ओढली जाऊन सांधा बुजतो. तळातून गढूळ पाणी आलं की मात्र माणसं बाहेर काढायची आणि पाणी आत घ्यायचं.

मी तेच सांगितलं. कंत्राटदाराचे साहेब म्हणाले, "अजून एक पंप लावा, पाणी आत सोडलं तर तीन दिवस गेले." पंप जितका ओढेल तितका पातळीतला फरक टिकून राहतो आणि तितकी वाळू आत येते. माझ्या हातात एवढंच होतं की रात्रीची पाळी आत उतरू दिली नाही. पहाटे त्या कोपऱ्यातल्या शीटची खालची टोकं आत सरकली, खालचा बीम वाकला, चौकोन भरून गेला.

अहवालात लिहिलं गेलं: वरच्या धरणातून अचानक पाणी सोडल्याने. शेजारच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर संध्याकाळी आणि पहाटे एकच पातळी होती, माझ्या डायरीत दोन्ही नोंदी आहेत.

नंतर 12 मीटरचे शीट ठोकले, कोपऱ्याबाहेर दगड टाकले, पाणी आत-बाहेर सारखं ठेवून क्रेनला टांगलेल्या ग्रॅबच्या जबड्याने खोदलं आणि ट्रेमी पाइपने, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या उभ्या नळीतून, पाण्याखालीच काँक्रीटचा थर ओतला. तो घट्ट झाल्यावरच पंप लावले. नुसत्या वजनावर खालचा दाब पेलायचा तर तो थर सुमारे 4 मीटर लागला असता. खांबाच्या पायाचे आमचे सहा काँक्रीट पाइल आधीच झाले होते, त्यांची पकड धरून दीड मीटर पुरला.

हे सगळं वाळूच्या तळाचं. कृष्णा-भीमेच्या खडकाळ पात्रात शीट आत शिरतच नाही, तिथे मातीचा बंधाराच घालावा लागतो, आणि चिकणमातीत हा भागाकार लागू पडत नाही. पण वाळूत काम असेल तर तळ रोज मोजा, चारही कोपऱ्यांत, बाहेरून. आणि पातळीच्या नोंदी स्वतःच्या वहीत ठेवा, वेळ घालून.