स्क्रू दिसत नाही असा गोल नॉब कसा काढायचा?

*प्रश्न: बाथरूमच्या दाराचा गोल नॉब ढिला झालाय, नुसता फिरतो. काढायला बघतोय तर बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. न फोडता निघेल का?*

निघेल. पहिलं काम म्हणजे दार उघडं ठेवा आणि खाली पाचर किंवा जुनी चप्पल अडकवा. अर्धं लॉक हातात आणि दार बंद, अशी वेळ आली तर पंचाईत होते.

मी उद्यमनगरात लेथवर असतो, कुलूपवाला नाही. पण मागच्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या आमच्या घरी अगदी हेच झालं. नॉब गरगर फिरायचा आणि दाराच्या कडेतली जीभ जागची हलायची नाही. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फोडायला लागतंय साहेब." आई आतून ओरडली, "दार मोडताय काय ओ?" मी म्हटलं थांबा, जी वस्तू बसवताना स्क्रू लागले तिचे स्क्रू कुठेतरी असणारच.

ते असतात नॉबमागच्या गोल चकतीखाली. चकती काढायची तर आधी नॉब निघायला हवा, आणि नॉबला धरून ठेवणारी वस्तू त्याच्या मानेत लपलेली असते. मान म्हणजे गोळा आणि चकती यांच्यामधला बारीक नळीसारखा भाग. बाथरूमच्या लॉकला शोध घ्यायचा तो आतल्या बाजूच्या, बटण असलेल्या नॉबवर. मोबाईलचा टॉर्च लावा आणि मानेभोवती सगळीकडून बघा, खालून तर नक्कीच, कारण बसवणारा ते भोक मुद्दाम खाली करतो. वाकता येत नसेल तर फोन खाली धरून फोटो काढा. आमचं भोक रंगाऱ्यानं ऑइल पेंटनं बुजवून टाकलं होतं. नख फिरवल्यावर एक खळगा लागला, मग ब्लेडनं रंग खरवडला.

एक घोटाळा सांगून ठेवतो, त्यात बरेच जण अडकतात. बाहेरच्या नॉबच्या तोंडावर, अगदी मधोमध, एक बारीक भोक असतं. ते नॉब काढण्यासाठी नाही. आत कुणी अडकलं तर पिनेनं कडी सोडवायला ठेवलेलं असतं. तिथं तासभर खुपसत बसलात तरी नॉब निघणार नाही.

मानेतल्या भोकात काय आहे, हे ओळखायला सोपी खूण आहे. तळाशी षटकोनी खड्डा दिसला तर तो ग्रब स्क्रू. म्हणजे डोकं नसलेला स्क्रू, आत रुतून बसलेला. काही जुन्या नॉबना तिथं नुसती सरळ खाच असते, तिला बारीक पेचकस चालतो. सपाट चकचकीत पत्रा दिसला, दाबल्यावर किंचित आत गेला आणि सोडल्यावर परत वर आला, तर ती स्प्रिंगची खिट्टी. ग्रब स्क्रू दाबून हलत नाही, खिट्टी हलते.

ग्रब स्क्रू असेल तर एलन की लागते, बहुतेक वेळा २ ते ३ मिमीची. आधी सुईनं खड्ड्यातला रंग आणि मळ काढा, नाहीतर की पूर्ण आत बसत नाही, कोपरे घासून गोल होतात आणि मग मात्र ड्रिलच करावं लागतं. उलट्या दिशेनं दोन-तीन फेरे पुरतात. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, तेवढा बारीक तुकडा मोरीत पडला की संपला.

गोल लॉकला मात्र बहुधा खिट्टी असते, आणि खरी गंमत तिथंच आहे. मी आधी टेस्टर घालून बघितला, तो रुंद पडला. कागदाची यू-पिन वाकली. आईचं गोधडी शिवायचं दाभण घेतलं तर ते टोकाला निमुळतं, खिट्टीवरून घसरून भोकाच्या कडेला रुतलं. शेवटी सायकलच्या स्पोकचा तुकडा कापला, जेमतेम २ मिमी जाडीचा, आणि टोक कानशीनं सपाट केलं. सपाट टोक महत्त्वाचं, ते खिट्टीवर नीट टेकतं.

आता दोन्ही हातांचं काम. एका हातानं स्पोक सरळ आत दाबून धरायचा, तिरका घालून उचकटायचा नाही. खिट्टी दोन-तीन मिमी आत जाते, स्प्रिंग हाताला जाणवते. ती दाबलेली असतानाच दुसऱ्या हातानं नॉब सरळ आपल्याकडे ओढायचा, थोडा डावा-उजवा हलवत. एकाच वेळी दोन्ही झालं तरच निघतो. आधी दाबलं, सोडलं आणि मग ओढलं, याला काही अर्थ नाही. माझा पहिल्या खेपेला आलाच नाही, मान गंजानं धरली होती. गंजाच्या स्प्रेचे दोन फवारे मारले, चहा झाला, परत ओढला. सुटला तेव्हा मी दोन पावलं मागे गेलो.

नॉब निघाला की चकती. तिच्या कडेला, बहुधा खालच्या बाजूला, नखाएवढी खाच असते. तिथं सपाट पेचकस घालून हळूच उचला. सनमायकावर ओरखडा नको असेल तर पेचकसाखाली जाड पुठ्ठा ठेवा. खाच नसेल तर चकती आट्यांची असू शकते, हातानं उलटी फिरवून बघा. खाली दोन लांब स्क्रू दिसतील. दुसरा काढताना बाहेरचा नॉब कुणाला तरी धरायला सांगा, नाहीतर तो थेट फरशीवर जातो.

आमच्याकडे तेच दोन स्क्रू ढिले होते, बाकी सगळं ठणठणीत. स्क्रू सैल झाल्यावर लॉकचा गाभा भोकात हलत राहिला आणि जिभेची मागची शेपटी गाभ्याच्या पकडीतून सुटली. म्हणून नॉब फिरायचा आणि जीभ हलायची नाही. जीभ दाराच्या कडेत बसवली, बाहेरचा भाग आत घालताना शेपटी पकडीत अडकवली, मग स्क्रू. ते अगदी आवळून टाकू नका, गाभा पिळला की नॉब जड फिरतो. थोडं आवळा, फिरवून बघा, मग आणखी थोडं. नॉब परत बसवताना मानेतलं भोक खिट्टीच्या रेषेत धरून ढकला, टक्‌ वाजलं पाहिजे. वाजल्यावर एकदा ओढून बघा. आणि दार बंद करायच्या आधी उघड्या दारातच जीभ आत-बाहेर होते का ते दहा वेळा तपासा.

किल्लीच्या नॉबची गोष्ट थोडी वेगळी. बाहेरचा, किल्ली लागणारा नॉब काढायचा तर आधी किल्ली घालून साधारण पाव फेरा फिरवून धरावी लागते, तेव्हाच खिट्टी दबते. ती सोय मुद्दाम केलेली असते, नाहीतर कुणीही बाहेरून नॉब काढून आत शिरेल. किल्ली हरवली असेल तर स्पोक खाली ठेवा आणि कुलूपवाल्याला बोलवा.

तुमच्या नॉबच्या मानेत भोक सापडलं नाही तर चकतीसकट खालून एक फोटो टाका, बघून सांगतो.